दोन मिनिटांत कवयित्रीची ओळख करून द्यायची आहे. ओळ कुठली घ्यावी आणि कुठे ठेवावी?

निशिगंध (धागाकर्ती)

एका साहित्य संध्येत मला एका कवयित्रींची ओळख करून द्यायची आहे. माईकवर मी पहिल्यांदाच बोलणार आहे. वेळ दोन मिनिटं. आयोजकांची एकच अट आहे, ती म्हणजे ओळखीत त्यांच्या कवितेतली एक ओळ यायला हवी आणि वेळ अजिबात वाढता कामा नये. त्या संध्याकाळी सहा जण वाचणार आहेत. प्रत्येक ओळख एका मिनिटाने लांबली तर शेवटच्या कवीचा निम्मा वेळ त्यातच जातो.

काल मसुदा लिहिला आणि मोबाईलवर वेळ लावून उभ्याने, मोठ्याने वाचला. ३१० शब्द झाले आणि २ मिनिटं ५० सेकंद लागली. त्यात त्यांचं शिक्षण, नोकरी, तिन्ही संग्रहांची नावं, पाच पुरस्कार, माझी आणि त्यांची पहिली भेट आणि कवितेच्या चार ओळी आहेत. त्यांना न विचारता त्यांची ओळ इथे देणं बरं वाटत नाही, म्हणून तशाच घडणीच्या चार ओळी मी स्वतः लिहून इथे देते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल:

घर सोडताना आईने कुलूप लावलं नाही,
नुसती कडी घातली.
म्हणाली, कुणी आलंच
तर त्याला दार फोडावं लागू नये.

यातली एकच ओळ घ्यायची तर कुठली? पहिली घेतली तर अर्थ अर्धवट राहतो. शेवटची घेतली तर "दार" कुठून आलं हेच कळत नाही. चारही घेतल्या तर ती एक ओळ राहतच नाही. शिवाय ५० सेकंद कुठून कमी करू? मला सगळंच महत्त्वाचं वाटतंय.

मोकळा_आवाज

कागद बाजूला ठेवा. पाठ करून जा. कागदावरून वाचलेल्या ओळखीत जीव नसतो, श्रोत्यांकडे बघून बोललेली थेट पोहोचते. आणि सुरुवातच ओळीने करा. ना नमस्कार, ना प्रस्तावना. माईकसमोर उभं राहायचं आणि ओळ म्हणायची. सभागृह एकदम गप्प होतं, मी अनेकदा अनुभवलंय. ओळ कुठली हा प्रश्न फार मोठा नाही, चांगल्या कवीची कुठलीही ओळ चालते.

नवपालवी

माझ्यापुढेही हाच प्रश्न आहे. मला पुढच्या महिन्यात कविता वाचायला बोलावलंय आणि त्यांनी माझा परिचय लिहून मागितलाय. स्वतःबद्दल किती लिहावं? पुरस्कार वगैरे काही नाहीत. स्वतःचीच ओळ परिचयात घातली तर आढ्यता वाटेल का?

अनुक्रम

निशिगंध, मी बरीच वर्षं सूत्रसंचालन करतो. तुमचा प्रश्न नेमका आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेळ. तुम्हाला दोन मिनिटं दिली आहेत, पण ती तुमच्या बोलण्याची नाहीत. तुम्ही जागेवरून उठून माईकपर्यंत येता, माईक खालीवर करता, शेवटी नाव घेता, टाळ्या होतात, त्या उठतात, चष्मा आणि वही घेऊन पुढे येतात, हे सगळं त्या दोन मिनिटांतच होतं. यात पाऊण मिनिट सहज जातं आणि ते कमी करणं तुमच्या हातात नाही. म्हणून दोन मिनिटांच्या ओळखीचा मजकूर सव्वा मिनिटाचा लिहायचा. तुमचा वेग तुम्हीच मोजलाय, ३१० शब्दांना १७० सेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण ११० शब्द. माईकवरचा हा चांगला, स्वच्छ वेग आहे, वाढवू नका. या वेगाने सव्वा मिनिटात १३५-१४० शब्द बसतात. ओळीच्या आधी आणि नंतर थांबायला सात-आठ सेकंद लागणारच, ते वजा केले की हातात उरतात १२० शब्द. तेव्हा ५० सेकंद कमी करायचे आहेत हा हिशोबच बदलतो. तुम्हाला निम्म्याहून जास्त मजकूर काढायचा आहे.

इतकं काढायचं म्हटल्यावर इकडचा एक शब्द, तिकडचं एक विशेषण अशी छाटणी पुरत नाही. पूर्ण वाक्यंच्या वाक्यं काढावी लागतात. मी एकच कसोटी लावतो: हे वाक्य ऐकल्यावर श्रोता पुढची कविता वेगळ्या कानाने ऐकेल का? पाच पुरस्कारांची यादी ऐकून तसं काही होत नाही. आयोजकांना पुरस्कार हवेच असतील तर एक घ्या. पहिल्या भेटीची आठवण तुमची आहे, ती कार्यक्रम संपल्यावर त्यांना सांगा, त्यांना आवडेल. पण त्या नोकरीत काय करत होत्या आणि त्याचा त्यांच्या लिहिण्याशी काही संबंध असेल, तर ते एका वाक्यात जरूर ठेवा.

आता ओळ. छापील ओळ आणि म्हणायची ओळ वेगळ्या असतात. मुक्तछंदात कवी ओळ कुठेही तोडतो, कधी श्वासासाठी, कधी डोळ्यांसाठी. कागदावर डोळा लगेच खालच्या ओळीवर जातो, कानाला ती सोय नाही. "घर सोडताना आईने कुलूप लावलं नाही" एवढंच म्हणून थांबलात तर ऐकणाऱ्याला वाटेल आई विसरली, नाहीतर घाईत होती. "नुसती कडी घातली" आलं की कळतं, तिने हे ठरवून केलंय. तेव्हा तुमची "एक ओळ" म्हणजे या दोन छापील ओळी. अर्थाने ते एकच वाक्य आहे. आयोजकांची अटही त्यात पाळली जाते, कारण म्हणायला पाच-सहा सेकंदच लागतात.

पुढच्या दोन ओळी मात्र घेऊ नका. कविता त्या दोन ओळींवर उभी आहे. तुम्ही त्या म्हणून टाकल्यात तर कवयित्रीकडे म्हणायला काय उरलं? ओळखीतल्या ओळीने प्रश्न उभा करावा, त्याचं उत्तर कवीकडे राहू द्यावं.

मोकळा_आवाज यांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे: ओळ म्हणताना नजर वर हवी. तेवढी ओळ पाठच करा. पण सगळी ओळख पाठ करू नका. पाठ केलेलं मध्येच अडलं की माणूस त्या जागी आपल्या मनाची वाक्यं घालतो, आणि ती वाक्यं नेहमी लांब असतात. ओळ पाठ असली तरी कार्डावर लिहिलेली असू द्या, मोठ्या अक्षरात, एका श्वासात जितकी येते तितकी एका ओळीत.

ओळीने सुरुवात करणं मला पटत नाही. पहिले आठ-दहा सेकंद लोक खुर्चीत सावरत असतात, कुणी मागच्या कवितेबद्दल शेजाऱ्याशी बोलत असतो, ध्वनीवाला आवाज जुळवत असतो. पहिलं वाक्य वाया जातं असं धरूनच लिहावं. ओळ शेवटी ठेवा, नावाच्या अगदी आधी. ओळ आणि नाव यांच्यामध्ये फार तर एक छोटं वाक्य. आणि ओळीचा अर्थ सांगत बसू नका. वेळ खरी तिथेच जाते. "यातून आईची आशा किती सुंदर व्यक्त होते" असं एक वाक्य आलं की त्याला जोडून दुसरं येतंच.

दुसरा_मिसरा

अनुक्रम यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे. पण "चांगल्या कवीची कुठलीही ओळ चालते" यावर मला बोलायलाच हवं. मी गझल लिहितो आणि याचा फटका मला बसलाय.

गझलेचा शेर दोन ओळींचा असतो. पहिली ओळ श्रोत्याला एका दिशेला नेते, दुसरी त्याला वळवते. उदाहरणासाठी माझाच एक साधा शेर देतो:

रोज येतो मी तुझ्या दारावरी
रोज दारातून मागे जायला

एका कार्यक्रमात माझी ओळख करून देणाऱ्यांनी "एकच ओळ" हा नियम पाळून याच शेराची फक्त पहिली ओळ म्हटली. ऐकणाऱ्यांना मी रोज प्रेयसीच्या दारात उभा राहणारा कवी वाटलो. शेर नेमका उलट आहे, तो दार न ठोठावता परत फिरणाऱ्या माणसाचा आहे. गझलेत एक तर पूर्ण शेर घ्यावा, नाहीतर काहीच घेऊ नये. वेळेचं म्हणाल तर पूर्ण शेर म्हणायला आठ सेकंदही लागत नाहीत.

दुसरी चूक त्याच दिवशी झाली. त्यांनी ओळ म्हटली ती "रोज येतो तुझ्या दारावरी" अशी. "मी" गळला. वाचताना काही फरक वाटत नाही, अर्थही तोच राहतो. पण वृत्त गालगागा गालगागा गालगा आहे, आणि "मी" गेला की दुसऱ्या गालगागातला पहिला "गा"च जातो, ओळ लंगडते. सभागृहातल्या चार गझलकारांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. चूक माझीच असं त्यांना वाटलं असणार. वृत्तातली ओळ म्हणायची असेल तर आदल्या दिवशी कवीला फोन करून एकदा म्हणून दाखवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आणि एक, हे फार महत्त्वाचं. त्या संध्याकाळी मी समारोपाला म्हणणार होतो तोच तो शेर होता. पहिली ओळ आधीच सगळ्यांच्या कानावर पडलेली. मी वाचायला उभा राहिलो आणि शेवटची गझल बदलावी की नाही, याचाच विचार पूर्ण वेळ डोक्यात राहिला. निशिगंध, तुमच्या कवयित्री त्या दिवशी काय वाचणार आहेत ते आधी विचारा. जे वाचणार असतील त्यातलं काहीही घेऊ नका.

अनुक्रम

दुसरा_मिसरा, विचारायलाच हवं, याबद्दल दुमत नाही. पण "त्यातलं काहीही घेऊ नका" हे मी सरसकट म्हणणार नाही. ती कविता त्या पहिलीच वाचणार असतील तर घेऊ नये, मिनिटाभरात तीच ओळ दोनदा ऐकू येते. शेवटी वाचणार असतील आणि त्यांना चालत असेल, तर फायदा होतो. दहा-बारा मिनिटांनी ती ओळ पुन्हा आली की श्रोत्याला ती ओळखीची वाटते आणि तो पुढच्या ओळीची वाट बघतो. गझलेत दुसऱ्या ओळीचा धक्का असतो, तिथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मुक्तछंदातल्या सुरुवातीच्या ओळीला तो धोका कमी.

दुसरा_मिसरा

मला नाही पटत. वाचणाऱ्याच्या मनात काय चालतं ते बाहेरून दिसत नाही. चालेल का असं विचारलं की कवी "हो" म्हणतो, कारण नाही म्हणणं अवघड असतं.

पानखूण

कवितेची चर्चा चालली आहे, पण लेखकाच्या ओळखीबद्दल एक सांगू का? मी कादंबरीकारांच्या ओळखी करून दिल्यात आणि गद्यातली ओळ निवडणं मला जास्त अवघड जातं. कादंबरीत छान वाटणारं वाक्य बहुतेक वेळा एखाद्या पात्राच्या तोंडी असतं. एकदा मी एका लेखकाचं असंच वाक्य घेतलं. कादंबरीत ते एक निष्ठुर बाप मुलीला म्हणतो. मी "लेखक म्हणतात" असं म्हणून ते वाचलं. प्रश्नोत्तरांत पहिलाच प्रश्न आला, "तुम्हाला मुलींबद्दल खरंच असं वाटतं का?" बिचाऱ्यांची पाच मिनिटं ते पात्र आहे हे समजावण्यात गेली. माझ्या एका चुकलेल्या क्रियापदाची ती किंमत होती.

तेव्हापासून मी पात्राचं वाक्य घेतलं तर "त्यांच्या कादंबरीतला बाप मुलीला म्हणतो" असंच म्हणते. दोन-चार शब्द जास्त जातात, पण ते वाचवण्यात अर्थ नाही. शक्यतो निवेदनातलं वाक्य घेते आणि तेही वीस शब्दांच्या आतलं. त्याहून लांब वाक्य कानाला पेलत नाही, शेवट येईपर्यंत सुरुवात विसरायला होते.

नवपालवी, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण थोडक्यात सांगते. परिचय लिहून मागतात तेव्हा तुमच्या नावाचा उच्चार, संग्रह असेल तर त्याचं नाव आणि तुम्ही कशाबद्दल लिहिता याचं एक वाक्य, एवढं पाठवा. खाली "ओळ घ्यायची असल्यास ही घ्यावी" असं लिहून एक ओळ द्या. त्यात आढ्यता काहीच नाही. तुम्ही दिली नाहीत तर ते कुठून तरी शोधतील.

नवपालवी

धन्यवाद पानखूण! "कशाबद्दल लिहिता" याचं एक वाक्य लिहायला घेतलं आणि तासभर तिथेच अडकले आहे. वेगळा धागा काढते.

सायंतारा

"कुठून तरी शोधतील" वरून सांगते. मी एकदा ओळ मोबाईलवर फिरणाऱ्या एका चित्रावरून घेतली होती. खाली कवीचं नाव होतं, मला शंकाही आली नाही. कार्यक्रमात ती म्हटली. ज्येष्ठ कवी माईकपाशी आले आणि शांतपणे म्हणाले, "ओळ छान आहे, पण माझी नाही." सभागृह हसलं, मला मात्र पुढचे दोन तास मान वर करता आली नाही. त्यांनी पुढे काय वाचलं तेही आठवत नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

आता मी ओळ पुस्तकातूनच घेते आणि कार्डावर मागच्या बाजूला संग्रहाचं नाव आणि पान क्रमांक लिहून ठेवते. नव्या आवृत्तीत कवी शब्द बदलतात, म्हणून आवृत्तीही बघावी.

आणि नावाचंही बघा. काही जण कविता एका नावाने लिहितात आणि गद्य दुसऱ्या. चिं. त्र्यं. खानोलकरांनी कविता 'आरती प्रभू' या नावाने लिहिली, कादंबऱ्या आणि नाटकं खानोलकर या नावाने. ओळ कवितेची असेल तर तिच्यासोबत कवितेचंच नाव यावं. हयात कवींना तर विचारताच येतं.

मोकळा_आवाज

कुठलीही ओळ चालते हे मी मागे घेतो, शेराचं उदाहरण पटलं. सुरुवातीच्या ओळीबद्दल मात्र ठाम आहे. अनुक्रम म्हणतात तसे पहिले दहा सेकंद वाया जातात, कारण बोलणारा लगेच बोलायला लागतो. मी माईकसमोर उभा राहून चार-पाच सेकंद नुसता थांबतो. लोक आपोआप वर बघतात. मग ओळ. तेवढ्यासाठी नमस्कार-चमत्कार गाळावे लागतात, आणि तोच वेळ वाचतो.

अनुक्रम

तुमच्यासारख्याला ते जमतं. पहिल्यांदा माईकवर उभं राहणाऱ्याला पाच सेकंदांची शांतता पाच मिनिटांची वाटते आणि तो तीन मोजायच्या आत बोलायला लागतो. पण हो, छोटं सभागृह असेल आणि आधीचा कवी चांगला ऐकला गेला असेल, तर तुमची रीत चालेल.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कवयित्रींना फोन केला. ओळ वाचून दाखवली आणि विचारलं. त्या म्हणाल्या, ती कविता शेवटी वाचणार आहे, पहिलं वाक्य खुशाल घे, पुढचं नको. दुसरा_मिसरा, "हो" म्हणताना त्या अडखळल्या नाहीत, मी कान देऊन ऐकलं. आडनावाचा उच्चारही विचारला. इतकी वर्षं मी त्यातला एक स्वर लांबवत होते.

मसुदा पुन्हा लिहिला. ओळ इथेही माझीच घातली आहे, बाकी जवळपास असंच बोलणार आहे:

"नमस्कार. यानंतर ज्या कवयित्री वाचणार आहेत, त्या गेली ३० वर्षं एकाच प्रश्नाभोवती लिहीत आहेत: माणूस घर सोडतो तेव्हा मागे काय राहतं? त्यांचे तीन संग्रह आहेत. पहिल्या संग्रहात हे घर डोळ्यांसमोर आहे, दुसऱ्यात ते भाड्याचं आहे, आणि तिसऱ्यात फक्त आईच्या बोलण्यात उरलं आहे. त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं. त्यांच्या कवितेत जास्तीची पायरी सापडत नाही, ती बहुधा त्यामुळेच. तिसऱ्या संग्रहातल्या एका कवितेची सुरुवात अशी आहे.

घर सोडताना आईने कुलूप लावलं नाही, नुसती कडी घातली.

पुढचं त्यांच्याकडूनच ऐकू या."

आणि मग नाव. तीन वेळा वेळ लावून वाचलं. थांबे धरून पन्नास सेकंदांच्या आसपास येतं. संग्रहांची नावं मात्र गेली, ते मनाला लागतंय. आधीचे वाचक लांबले आणि मला "एका मिनिटात आटपा" अशी खूण झाली तर काय काढू?

अनुक्रम

चांगलं झालंय. संग्रहांची नावं पत्रिकेत किंवा बाहेरच्या पुस्तकांच्या टेबलावर दिसतील. कानाने ऐकलेली तीन नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत. फार वाटत असेल तर "तिसऱ्या संग्रहातल्या" ऐवजी तिथे त्या एकाच संग्रहाचं नाव घ्या. ओळीला चिकटलेलं नाव लक्षात राहतं.

कापायची वेळ आली तर मधून कापा. शेवट कधीच कापू नका. "त्यांचे तीन संग्रह आहेत" पासून "बहुधा त्यामुळेच" पर्यंतचा भाग आत्ताच पेन्सिलीने चौकटीत घ्या. चौकट गाळून एकदा मोठ्याने वाचून बघा, जोड नीट बसतो का ते. बसतो, मी वाचून पाहिला. उरतो तो मजकूर अर्ध्या मिनिटाचा आहे. ऐनवेळी काय काढावं याचा विचार माईकवर करायचा नाही, तिथे माणूस नेमकी ओळच काढतो आणि पुरस्कार ठेवतो.

आणि "थोडक्यात सांगायचं तर" किंवा "जाता जाता एवढंच" असे शब्द तोंडात आले तर समजा तुम्ही कार्डाबाहेर गेलात. खाली बघा, कार्डावर परत या.

पानखूण

"बहुधा त्यामुळेच" त्यांना विचारलंत का? गणितामुळे कविता अशी झाली हा तुमचा निष्कर्ष आहे. काही कवींना नोकरीशी कविता जोडलेली अजिबात आवडत नाही.

निशिगंध

नव्हतं विचारलं. आत्ता विचारलं. म्हणाल्या, "गणित शिकवलं हे सांग, त्यामुळे काय झालं ते राहू दे." ते वाक्य काढलं. आणखी पाचेक सेकंद वाचले.

निशिगंध

कार्यक्रम झाला. कसं झालं ते लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

माझ्या आधीचे वाचक बरेच लांबले. आयोजकांनी पहिल्या रांगेतून एक बोट वर केलं. मी चौकट गाळली. पेन्सिलीची रेघ समोर होती म्हणून हात थरथरत असूनही वाक्य चुकलं नाही. नमस्कार, घराचा प्रश्न, "त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं" (चौकटीतलं हे एक वाक्य मनात धरून ठेवलं होतं, ते म्हटलंच), मग थांबले, वर पाहिलं आणि ओळ म्हटली. मैत्रिणीने वेळ लावली होती, नाव घेऊन होईपर्यंत ४४ सेकंद.

एक गोष्ट मात्र बिघडली. "नुसती कडी घातली" नंतर मी ठरल्याप्रमाणे थांबले, आणि तिथेच टाळ्या पडल्या. कवयित्री उठून चालायला लागल्या. "पुढचं त्यांच्याकडूनच ऐकू या" आणि नाव, दोन्ही टाळ्यांत बुडालं. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी नंतर मला विचारलं, त्या कोण होत्या? ज्यासाठी उभी होते तेच राहिलं असं वाटलं. हे टाळायचं कसं?

दुसरा_मिसरा

तुम्ही ओळीच्या शेवटी आवाज खाली आणला असणार. "घातली"वर आवाज उतरला की कानाला संपल्याची खूण मिळते. तुमची ओळ तर पुढे चालणारी आहे, म्हणून "घातली" समपातळीत सोडा, आवाज ना चढवता ना उतरवता. आणि नजर ओळीनंतर श्रोत्यांवरून काढून कवयित्रीकडे वळवू नका. नजर वळली की लोक टाळ्या वाजवतात. नाव घेतल्यावर वळवा.

अनुक्रम

आणि टाळ्या पडल्याच तर त्यांच्यावर बोलू नका. त्या ओसरायला लागल्या की फक्त नाव घ्या, स्वच्छ आणि पूर्ण. "पुढचं त्यांच्याकडूनच" हे वाक्य सोडून द्यायचं. ओळीनंतरचा थांबा तुमच्यासाठी मी सुचवला होता, तो कदाचित जरा लांब झाला. दोन सेकंद पुरतात.

सायंतारा

शेवटी त्यांनी ती कविता वाचली का? श्रोते कसे होते?

निशिगंध

हे लिहायचंच राहिलं. त्यांनी ती शेवटी नाही, पहिलीच वाचली. वही उघडली, ठरलेलं पान सोडून मागे गेल्या आणि तीच सुरू केली. पुढच्या ओळी आल्या तेव्हा सभागृहात पूर्ण शांतता होती. नंतर मी विचारलं, शेवटी वाचणार होतात ना? म्हणाल्या, "लोकांच्या कानात ती अर्धी राहिली होती. तशी ठेवून दुसरं वाचणं मला जमेना."

त्या नाराज नव्हत्या. पण त्यांचा क्रम माझ्यामुळे बदलला, हे खरं.

दुसरा_मिसरा

हेच म्हणत होतो.

अनुक्रम

आणि ती शांतता? पहिल्याच कवितेला अशी शांतता सहसा मिळत नाही. तरी दुसरा_मिसरा यांचा मुद्दा मी आता पूर्वीइतक्या सहज बाजूला सारणार नाही. पुढच्या वेळी मी कवीला "चालेल का" असं न विचारता "कुठली ओळ घेऊ" असं विचारून बघणार आहे. नाही म्हणायची वेळच त्यांच्यावर येणार नाही.